वकिलाची नोटीस आली: घटना, कारण आणि मागणी

आजचा विषय छोट्या व्यावसायिकांसाठी आहे. नाराज ग्राहकाच्या वकिलाची नोटीस आली, तर उत्तर कसं द्यायचं?

पहिली गोष्ट म्हणजे नोटीस हा कोर्टाचा हुकूम नाही. त्यात 'पंधरा दिवसांत पैसे द्या' असं लिहिलेलं असतं. ती मुदत वकिलानं घातलेली असते, कायद्यानं नव्हे. पण म्हणून ती बाजूला टाकायची नाही. पुढे तक्रार ग्राहक आयोगात गेली, तर 'नोटिशीला उत्तरसुद्धा दिलं नाही' हा मुद्दा तुमच्याविरुद्ध वापरला जातो. आणि उत्तर दिलंत, की त्यातलं प्रत्येक वाक्य तिथे पुरावा म्हणून येऊ शकतं. म्हणून सबंध पत्र याच हिशेबानं लिहायचं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही मॉड्युलर किचन बनवता. काम १,८०,००० रुपयांचं, त्यातले १,६०,००० मिळाले, २०,००० बाकी आहेत. ग्राहकाचं म्हणणं असं: काम ४० दिवस उशिरा दिलं, सिंकखालची दोन दारं फुगली, माल हलका वापरला. मागणी काय? सगळे पैसे १८ टक्के व्याजानं परत, वर मानसिक त्रासाचे एक लाख.

हे वाचल्यावर माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर लगेच फोन करून 'चूक झाली, मिटवून टाकू' म्हणतो, नाहीतर 'सगळं खोटं आहे' असं कळवतो. दोन्ही महागात पडतं. त्याऐवजी नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा. कोटेशन, पैसे मिळाल्याच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, कामाचे फोटो एकत्र करा. एकही मेसेज पुसू नका. मग नोटिशीतला एकेक परिच्छेद घ्या आणि तीन गोष्टी वेगळ्या करा: घटना, कारण आणि मागणी.

दारं फुगली ही घटना. फोटोत दिसतंय, तर नाकारू नका. उघड दिसणारी गोष्ट नाकारली, की तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. पण ती का फुगली, हे अजून ठरायचंय. कडेची पट्टी सुटून पाणी आत शिरलं असेल, तर तो तुमच्या कामातला दोष. सिंकचा पाइप गळत असेल, तर दारांबरोबर कपाटाची खालची फळीही ओली, काळपट झालेली दिसेल. हे पाहिल्याशिवाय कारण कबूल करायचं नाही, आणि ग्राहकावर ढकलायचंही नाही. मागणी तर त्याहून वेगळी. दोन दारं खराब झाली, म्हणून सबंध किचनचे पैसे परत, हे ओघानं येत नाही.

उशिराचंही तसंच. ग्राहकानं मध्येच लॅमिनेटचा रंग बदलला, त्यात २२ दिवस गेले, आणि तो मेसेज तुमच्याकडे आहे. मग तारखेसह ते लिहा. उरलेले १८ दिवस तुमचे. ते लपवू नका. हलक्या मालाच्या आरोपाला प्लायचं बिल जोडा.

उत्तराचा गाभा साधारण असा होईल:

'दोन दारं फुगल्याचं आपण पाठवलेल्या फोटोंत दिसतं. त्याचं कारण प्रत्यक्ष पाहणीनंतरच सांगता येईल. पाहणीसाठी आम्ही पुढील दोन तारखा सुचवत आहोत. कामातला दोष आढळल्यास ती दारं आम्ही विनामूल्य बदलून देऊ. संपूर्ण रक्कम, व्याज व नुकसानभरपाईची मागणी मान्य नाही. आमची २०,००० रुपयांची बाकी कायम आहे. हा प्रस्ताव आमच्या कायदेशीर हक्कांना बाधा न येता दिला आहे.'

शेवटचं वाक्य गाळू नका. तडजोडीची तयारी दाखवणं म्हणजे सगळा दोष मान्य करणं नव्हे, हे त्यातून स्पष्ट होतं. पत्र ग्राहकाला नाही, त्याच्या वकिलाला पाठवायचं. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचल्याचा पुरावा ठेवा. पाठवण्याआधी आपल्या वकिलाला एकदा दाखवून घ्या.

श्रोता: सर, एवढं करूनही त्यांनी तक्रार केलीच तर?

करू शकतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे त्यांना साधारण दोन वर्षांची मुदत असते. पण आयोगाचं पत्र आलं, की मात्र मुदत कायद्याची. ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, आयोगानं वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं २०२० मध्ये, जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबाबत, हे स्पष्ट केलंय. तेव्हा तुम्ही आज नीट लावलेली कागदपत्रं आणि हेच उत्तर तुमच्या लेखी म्हणण्याचा पाया ठरतं. आज सरसकट नाकारलं असेल किंवा घाबरून सगळं मान्य केलं असेल, तर तेही तिथे तसंच समोर येतं.