वीस ठिपक्यांतला एकच खरा

कपाटात जपून ठेवलेली लग्नाची डीव्हीडी नव्या ५५ इंची फोर-के टीव्हीवर लावली की मन खट्टू होतं. जुन्या टीव्हीवर स्वच्छ दिसणारे चेहरे आता मेणाचे वाटतात. डिस्क खराब झालेली नसते. तिच्यावर आता वीसपट काम येऊन पडलेलं असतं.

भारतातल्या डीव्हीडीवर पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख ठिपक्यांचं असतं. एसडी चॅनेलवरही त्याहून जास्त मिळत नाहीत. फोर-के पडद्याला मात्र जवळपास ८३ लाख ठिपके लागतात. दर वीस ठिपक्यांमागे एकोणीस टीव्हीला स्वतः तयार करावे लागतात.

त्याआधी आणखी एक गुंता सोडवायचा असतो. या चित्रात आधी एकाआड एक ओळी येतात आणि मग उरलेल्या, अशी अर्धी चित्रं सेकंदाला ५० वेळा. टीव्ही ती जोडतो. पण दोन अर्ध्यांच्या मधल्या क्षणात नवरीचा हात हललेला असेल, तर कडेला कंगव्यासारखे दाते उमटतात. म्हणून हलणाऱ्या भागातल्या गाळलेल्या ओळी टीव्हीला अंदाजाने भराव्या लागतात.

मग चित्र मोठं होतं. काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ मानलं, तर समजा, केसांचा ठिपका ५० आणि शेजारचा भिंतीचा २०० आहे. टीव्ही मध्ये ८८, १२५, १६३ अशा पायऱ्या घालतो. कड गुळगुळीत होते, पण पसरते. चांगला प्रोसेसर कडेची दिशा ओळखून ती नेटकी ठेवतो. पैठणीच्या काठावरची जी वीण कॅमेऱ्याने टिपलीच नाही, ती मात्र त्यालाही परत आणता येत नाही.

इथे हात शार्पनेसकडे जातो. ही सेटिंग नवा तपशील आणत नाही, फक्त कडेचा फरक ताणते: ५०चे ३०, २००चे २२० करते. क्षणभर चित्र ठसठशीत वाटतं. मग केसांभोवती पांढरी रेघ दिसू लागते, आणि चित्र दाबून साठवताना आलेले चौकोनी डाग व रवाळपणाही तितकाच उठून दिसतो. एसडी चित्रात हे दोष आधीच भरपूर असल्याने नुकसानही तिथेच जास्त होतं.

तेव्हा शार्पनेस वाढवण्यापेक्षा उतरवून पाहावा. बातम्यांच्या चॅनेलवर खाली सरकणाऱ्या पट्टीतली अक्षरं बघावीत. अक्षरांभोवतीची रेघ नाहीशी होईपर्यंत आकडा कमी करावा. त्याखाली गेल्यावर अक्षरं पुसट होऊ लागली, तर थोडं मागे यावं. ही जागा काही टीव्हींवर शून्यावर असते, काहींवर मधोमध, त्यामुळे दुसऱ्याच्या घरचा आकडा उपयोगी पडत नाही.

सोफा थोडा मागे सरकवल्यानेही मोठा फरक पडतो. ५५ इंची पडद्यावर एसडीची एक ओळ जेमतेम १.२ मिलिमीटर उंचीची होते, आणि साधारण चार मीटरवरून निरोगी डोळ्याला ती वेगळी दिसत नाही.