मापात पाप : खोटं मेमरी कार्ड कसं ओळखावं?

आज जरा आमच्याच गटाची फजिती सांगणार आहे. ऐकून हसा, पण त्यातून घ्यायचं तेवढं घ्या.

गेल्या वर्षी आम्ही गावात बारा दिवसांचा शिवणवर्ग घेतला. शिकवणाऱ्या ताई लांबून आल्या होत्या. मजुरीला जाणाऱ्या सहाजणींना रोज येणं जमणार नव्हतं. म्हणून ठरलं की रोजचा अर्ध्या तासाचा पाठ मोबाइलवर काढायचा आणि त्यांना नंतर दाखवायचा. वर्गणी त्यांनीही भरली होती. एका पाठाचा व्हिडिओ साधारण ४ जीबीचा व्हायचा. बारा पाठांना ४८ जीबी जागा हवी, म्हणून मी आठवडी बाजारातून ६४ जीबीचं मेमरी कार्ड आणलं. दुकानात जे पाचशेच्या आसपास मिळत होतं, ते तिथे दीडशेला मिळालं. मोबाइलमध्ये घातल्यावर ६४ जीबी दिसलंही. रोज संध्याकाळी व्हिडिओ कार्डात हलवायचा आणि फोन मोकळा करायचा, असं बारा दिवस चाललं.

वर्ग संपला, ताई गेल्या. त्या सहाजणी रविवारी जमल्या. पहिले तीन पाठ छान चालले, चौथा उघडेना. पाचवा नाही, सहावा नाही, थेट बाराव्यापर्यंत एकही नाही. बाही, गळा, अस्तर सगळं गेलं. एकजण म्हणाली, "ताई, यादीत नाव तर दिसतंय की!" नाव दिसत होतं, आत माल नव्हता.

असं का झालं? लबाड दुकानदाराच्या मापाला खाली दुसरा तळ बसवलेला असतो ना, वरून माप शेराचं, आत धान्य मात्र कमी, तसंच हे. कार्डात माहिती साठवणारी चिप असते आणि तिच्यावर कारभार पाहणारी दुसरी छोटी चिप असते. फोन विचारतो, "जागा किती?" उत्तर ही कारभारी चिप देते. खोट्या कार्डात तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा १६ जीबी, पण ती सांगते ६४. सोळा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पुढचा माल एकतर कुठेच लिहिला जात नाही, नाहीतर आधीच्या मालावर लिहिला जाऊन जुनंही बिघडतं. फायलींच्या नावांची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून नावं शाबूत राहतात. व्हिडिओची छोटी चित्रं तर फोन स्वतःजवळच ठेवतो. त्यामुळे बारा दिवस आम्हाला शंकाही आली नाही. पेनड्राइव्हमध्येही हीच लबाडी चालते.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा : फोनने किंवा संगणकाने दाखवलेला आकडा हा पुरावा नाही. आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. ६४ जीबीचं खरं कार्ड संगणकात ५९ जीबीच्या आसपास दिसतं, ३२चं २९च्या आसपास. ही फसवणूक नव्हे. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, संगणक साधारण १०७ कोटी धरतो, म्हणून आकडा कमी दिसतो.

मग खरं माप कसं काढायचं? भरून पाहायचं. खात्रीचा मार्ग तोच. संगणकावर त्यासाठी H2testw नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो. तुमच्या गावच्या सेवा केंद्रातल्या मुलाला सांगा. कार्ड रिकामं असताना लावायचं, Select target दाबून ते निवडायचं आणि Write + Verify दाबायचं. प्रोग्रॅम सगळी जागा भरतो आणि मग भरलेलं पुन्हा वाचून ताडून पाहतो. शेवटी Test finished without errors असं आलं तर कार्ड ठीक. आमच्या कार्डाला The media is likely to be defective असं आलं आणि चांगली जागा निघाली १४.६ जीबी. म्हणजे १६चं कार्ड ६४ म्हणून विकलेलं. चार-चार जीबीचे तीन पाठ त्यात बसले, चौथा बसला नाही. हिशेब तंतोतंत लागला. ६४ जीबी तपासायला दोन-तीन तास लागू शकतात, तेव्हा कार्ड तिथे ठेवून बाकीची कामं उरका.

प्रोग्रॅम नसेल तर संगणकावरून वेगवेगळे मोठे व्हिडिओ कार्ड भरेपर्यंत टाका. मग कार्ड बाहेर काढा आणि पुन्हा लावा. हे विसरू नका, कारण नुकतीच टाकलेली फाइल संगणक स्वतःच्या आठवणीतून दाखवू शकतो. मग पहिला, मधले काही आणि शेवटचे व्हिडिओ पुढेमागे सरकवून पाहा. एवढ्यानेही बहुतेक खोटी कार्डं सापडतात, पण पक्की खात्री प्रोग्रॅमनेच होते.

आता कार्डावरची अक्षरं. छोट्या कार्डावर आकड्याजवळ HC किंवा XC लिहिलेलं असतं. नियम असा की ३२ जीबीपर्यंतचं कार्ड HC आणि त्याहून मोठं XC. ६४ लिहिलंय आणि सोबत HC आहे, तर ते कार्ड तिथल्या तिथे परत करा. आमच्या कार्डावर तसंच होतं, मी पाहिलंच नव्हतं! कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, छपाई पुसट किंवा वाकडी, पाकिटावर किंमत नाही, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, हीसुद्धा खुणेची लक्षणं. पण उलट धरू नका. छपाई सुबक आहे म्हणून कार्ड खरं, असं होत नाही.

घ्यायचं कुठून? ज्याचं दुकान उद्याही तिथेच असेल त्याच्याकडून, सीलबंद पाकिटात आणि पक्क्या बिलावर. बिलावर कंपनी आणि जीबी लिहून घ्या. ऑनलाइन घेताना संकेतस्थळाच्या नावावर जाऊ नका, खाली विक्रेता कोण आहे ते वाचा आणि परत करायची मुदत पाहा. २ टीबीचा पेनड्राइव्ह पाचशे रुपयांत दिसला तर पुढे चला. तपासणी मुदतीच्या आत, म्हणजे आणल्या दिवशीच करा. खोटं निघालं तर निकालाचा फोटो काढून बिलासह परत द्या. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. माझ्याकडे बिलच नव्हतं, आणि पुढच्या बाजारी तो विक्रेताही नव्हता.

आणि फसलातच तर त्या कार्डात आणखी काही टाकू नका. जे उघडतंय ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. बाकीचं काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जे लिहिलंच गेलं नाही, ते कोण काढणार?

आम्ही वर्गणीतून ताईंना पुन्हा चार दिवस बोलावलं. प्रवास आणि मानधन धरून कार्डाच्या कितीतरी पट खर्च आला. आता गटाच्या साहित्य नोंदवहीत प्रत्येक कार्डापुढे एक रकाना वाढवलाय : "भरून पाहिलं का, कोणी, कधी?" तिथे सही झाल्याशिवाय कार्ड वापरायला निघत नाही. आणि उतरवलेला व्हिडिओ उघडून पाहिल्याशिवाय फोनमधला पुसत नाही.