रिलेसाठी बेसचा रोध किती?

१२ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल ४०० ओहमची असेल, तर तिला ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रकात प्रवाहवर्धन किमान ११० दिलेले असते. म्हणून बेसला सुमारे ०.२७ मिलिअँपिअर पुरेल आणि ५ व्होल्टच्या पिनला १५ किलोओहमचा रोध चालेल, असे वाटते. पण ११० हा आकडा कलेक्टर-एमिटरमध्ये ५ व्होल्ट असतानाचा आहे. स्विच म्हणून आपल्याला तिथे ०.२ व्होल्टच्या आसपास हवे असते, आणि तिथवर उतरताना वर्धन बरेच घटते. म्हणून ते १० धरावे. बेसला ३ मिलिअँपिअर द्यायचे, बेस-एमिटरचे ०.७ व्होल्ट वजा करून उरलेले ४.३ भागिले ०.००३, म्हणजे सुमारे १४३० ओहम. बाजारातला १.२ किलोओहम घ्यावा.

एवढा प्रवाह वाया जातो, असा आक्षेप येतो. पण काटकसर केली आणि ट्रान्झिस्टर अर्धवट उघडला, तर दोन-तीन व्होल्ट त्याच्यातच अडकतात, तो तापतो आणि रिले कधी ओढतो, कधी नाही. पिनला ३ मिलिअँपिअर जड असतील तरच वर्धन २० धरावे. रिले चालू असताना कलेक्टर-एमिटरवर मीटर लावा: ०.३ व्होल्टहून जास्त दिसले, तर बेस उपाशी आहे. कॉइलला उलटा डायोड हवाच. फिलामेंटच्या दिव्याचे गणित मात्र वेगळे. थंड तार क्षणभर नेहमीच्या सुमारे दहापट प्रवाह ओढते, तेव्हा तिथे मोठा ट्रान्झिस्टरच लागतो.