पार्श्वसंगीताच्या तुकड्याचे नामकरण : प्रसंग आणि वाद्य

गाण्याला त्याच्या मुखड्यावरून नाव मिळते. पार्श्वसंगीताच्या तुकड्याला मात्र शब्दच नसतात. अशा वेळी आपण प्रसंग आणि वाद्य यांच्या जोडीतून नाव घडवतो.

‘शोले’ (१९७५) हे उदाहरण पाहा. त्याचे संगीत राहुलदेव बर्मन यांचे. बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात, त्या प्रसंगी पंडित सामताप्रसाद यांचा तबला घुमतो. ‘पाठलागाचा तबला’ एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला तो तुकडा ओळखता येतो.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. सांजवेळी जय माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोरच्या हवेलीत राधा एकेक दिवा मालवते. ‘माउथ ऑर्गनची धून’ हे नाव येथे अपुरे पडते, कारण ती धून चित्रपटात पुन्हा येते. ‘राधा दिवे मालवते तेव्हाची माउथ ऑर्गनची धून’ असे म्हटले की वाद्यावरून धून कळते आणि प्रसंगावरून तिची जागा निश्चित होते. व्याकरणाच्या परिभाषेत ‘धून’ हे विशेष्य होय. त्याआधीचा प्रसंग विशेषणाचे, म्हणजे इतरांपासून वेगळे काढण्याचे, कार्य करतो.

एक दक्षता घ्यावी. पडद्यावर दिसणारे वाद्य हा पुरावा नव्हे. जयच्या ओठांवरील माउथ ऑर्गन प्रत्यक्षात भानू गुप्ता यांनी वाजवला होता. म्हणून प्रसंग डोळ्यांनी टिपावा. वाद्य मात्र डोळे मिटून, कानांनी ओळखावे.

स्वयं-अध्ययन : आपल्या आवडीच्या चित्रपटातील एका तुकड्याला असे नाव द्या. दुसऱ्या कोणत्या तुकड्यालाही ते लागू पडते का, ते तपासा.