मुख्याध्यापिकाबाईंना रजेचा अर्ज

पुढचा अर्ज आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी लिहिला असेल, निदान कुणाचा तरी पाहून उतरवला असेल. मुलगी सातवीत, मामाचं लग्न देवगडला, आणि आईने शाळेसाठी कागद तयार केला आहे.

«विषय : रजा मंजूर होणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून आपणांस सविनय विनंती करण्यात येते की, माझी पाल्य काही अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव दि. 27/11 पासून 29/11 पर्यंत शाळेत उपस्थित राहू शकणार नाही. तरी सदर कालावधीची रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.»

व्याकरणात चूक नाही, आदरही भरपूर आहे. तरी हा कागद ज्यांच्या हातात जातो, त्यांना यातून फारसं काही कळत नाही. असा अर्ज बहुधा आधी वर्गशिक्षिकेकडे जातो, मग मुख्याध्यापिकांच्या टेबलावर सहीसाठी पोचतो. वर्गशिक्षिकेला हजेरीपटात नोंद करायची असते. तिला हवी असते इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, नेमके दिवस आणि मुलगी परत कधी येणार तो वार. मुख्याध्यापिकांना कारण पाहून ठरवायचं असतं. वरच्या अर्जात इयत्ताच नाही. «29 पर्यंत» म्हणजे 29 तारखेला मुलगी येणार की नाही, याबद्दल दोन शिक्षिकांचं दोन प्रकारे मत होऊ शकतं. «अपरिहार्य कौटुंबिक कारण» तर मामाच्या लग्नापासून कोर्टाच्या तारखेपर्यंत काहीही असू शकतं.

ताठरपणा येतो कुठून, तर वाक्यातून माणसं गायब झाल्यामुळे. «विनंती करण्यात येते», पण कोण करतं? «रजा मंजूर व्हावी», पण कोणी करावी? सरकारी कचेरीत हे चालून जातं, कारण तिथे सही पदाची असते. इथे एक आई एका बाईंना लिहिते आहे, आणि दोघी पालकसभेत एकमेकींना भेटलेल्या आहेत. «मी विनंती करते» आणि «आपण रजा द्यावी» एवढं लिहिलं की दोघी पुन्हा वाक्यात येतात आणि वाक्य आपोआप मोकळं होतं.

पण मोकळं करताना लोक दुसऱ्या टोकाला जातात. फोनवर सकाळी सहा वाजता येणारे निरोप पाहा : «मॅडम, आम्ही गावाला चाललोय, ती सोमवारी येईल.» भाषा गोड आहे, पण ही विनंती नव्हे, सूचना आहे. ठरवून झालं आहे, आता फक्त कळवलं जातंय. मुख्याध्यापिकांना खटकतं ते यामुळे. «सविनय» नसल्याने नव्हे. मराठीत आदर खरा राहतो तो क्रियापदात. «रजा द्या» हे तोंडाने, हसून म्हटलं तर चालतं. कागदावर ते हुकमासारखं उतरतं. «रजा द्याल ना» फार घरगुती. «रजा द्यावी, ही विनंती» यात निर्णय बाईंच्या हाती राहतो आणि लिहिणारी लाचारही होत नाही. एवढं एक क्रियापद जपलं, तर बाकीची बरीच झूल उतरवता येते.

तोच अर्ज आता असा होतो. नावं इथे वगळली आहेत.

«20 नोव्हेंबर 2025

मा. मुख्याध्यापिका यांस,

विषय : गुरुवार 27 ते शनिवार 29 नोव्हेंबर, तीन दिवसांच्या रजेसाठी अर्ज (इयत्ता 7 वी ब, हजेरी क्रमांक 18)

आदरणीय मॅडम,

माझी मुलगी आपल्या शाळेत सातवी ब च्या वर्गात शिकते. तिच्या मामाचे लग्न शुक्रवारी, 28 नोव्हेंबरला देवगडला आहे. त्यासाठी तिला गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार अशी तीन दिवस रजा द्यावी, ही विनंती. सोमवारी, 1 डिसेंबरला ती शाळेत येईल.

शनिवारी तिच्या वर्गाची विज्ञानाची चाचणी आहे. ती नंतर घेणे शक्य असेल, तर दिवस वर्गशिक्षिकांमार्फत कळवावा. शक्य नसेल, तर आमची काही तक्रार नाही. तीन दिवसांचा बुडलेला अभ्यास मैत्रिणीच्या वह्यांवरून आम्ही पूर्ण करून घेऊ.

आपली,
(आईची सही, नाव, मोबाइल क्रमांक)»

विषयाची ओळ लांबली आहे, ती मुद्दाम. टेबलावर अर्जांचा गठ्ठा असताना विषय आधी वाचला जातो, आणि इथे तारखा, वर्ग, क्रमांक सगळं त्यातच आहे. वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याने एखादा आकडा चुकला तरी चूक लगेच दिसते. परत येण्याचा दिवस वेगळ्या वाक्यात आल्यामुळे «पर्यंत»चा घोळ मिटतो.

«अपरिहार्य»च्या जागी मामाचं लग्न आलं. सविस्तर सांगायची गरज नसते. पत्रिका जोडायची तर मुळीच नाही, शाळेने मागितल्याशिवाय. कारण खाजगी असेल, उदाहरणार्थ घरातलं आजारपण किंवा कलह, तर «घरगुती अडचणीमुळे, सविस्तर प्रत्यक्ष भेटून सांगते» एवढं पुरतं. खोटं कारण मात्र देऊ नये. शाळांच्या अर्जांत एकाच आजीचं निधन दोनदा झाल्याची उदाहरणं शिक्षकांच्या गप्पांत असतातच, आणि मूल वर्गात खरं सांगून मोकळं होतं.

चाचणीचा परिच्छेद सगळ्यांत नाजूक आहे. तो गाळला तर आईला चाचणीची दखलच नाही असं वाटतं. आणि «चाचणी पुन्हा घ्यावी» असं लिहिलं तर एका मुलीसाठी दुसरा पेपर काढायला सांगितल्यासारखं होतं. «शक्य असेल, तर» म्हटल्यावर नकाराला वाट उरते. «तसदीबद्दल क्षमस्व» काढून टाकलं, कारण तसदी जर कुठे असेल तर ती या चाचणीत आहे आणि तिच्याबद्दल वर बोलून झालं आहे. «महोदया» ठेवलं असतं तरी काही बिघडत नव्हतं. गावाकडच्या शाळेत «आदरणीय बाई»ही शोभतं. मूल वर्गात जे म्हणतं त्याच्या जवळ राहावं.

मोकळेपणाला मर्यादाही आहेत. दहावीच्या मुलांना मंडळाच्या परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते, त्यामुळे तिथे लांब रजेचा अर्ज गोड भाषेवर तरत नाही. आजारपणाची रजा असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून अर्जाच्या खाली «सोबत : वैद्यकीय प्रमाणपत्र» असं लिहावं. अर्ज मुलाने स्वतः लिहिला असेल तर पालकाची सही हवीच. आणि मुलाच्या अर्जात «आपला विद्यार्थी» पुरे, «आज्ञाधारक»चा आग्रह आता कशाला?

शिक्षकाने स्वतःसाठी मुख्याध्यापकांकडे रजा मागायची असेल, तर एक शब्द तसाच ठेवावा लागतो : रजेचा प्रकार. किरकोळ रजा, अर्जित रजा, वैद्यकीय रजा यांचा हिशेब लिपिक वेगवेगळा ठेवतो. तिथे «जरा दोन दिवस सुट्टी हवी होती» असं लिहिलं, तर रजा कोणत्या खात्यातून वजा करायची हे विचारायला लिपिकाला स्टाफरूमपर्यंत यावं लागतं.