95 घ्यायचे, 110 फेडायचे: कर्जरोख्यांवरचा ‘तोटा’ नेमका कधीचा?

एखादी कंपनी 100 रुपये दर्शनी मूल्याचा कर्जरोखा, म्हणजे डिबेंचर, 95 रुपयांना विकते आणि पाच वर्षांनी तो 110 रुपये देऊन परत घेण्याचे वचन देते. हिशोबाच्या वह्यांत या व्यवहारासाठी ‘कर्जरोखे विक्रीवरील तोटा’ नावाचे खाते उघडले जाते. या नावामुळेच बरेच गैरसमज सुरू होतात.

पहिला गैरसमज कायद्याचा आहे. शेअर दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीला विकता येत नाही, मग कर्जरोखाही तसा विकणे बेकायदाच असणार, असे अनेकांना वाटते. कंपनी कायदा 2013 मधल्या कलम 53 ची बंदी शेअरपुरती आहे. शेअर हे भांडवल असते आणि त्याच्या भरवशावर धनको कंपनीला उधार देतात, म्हणून ते पूर्ण वसूल झाले पाहिजे. कर्जरोखा हे कर्जच असते. ते किती सवलतीने उचलायचे हे कंपनी आणि गुंतवणूकदार आपसांत ठरवू शकतात. एक पळवाट मात्र इंग्लंडच्या न्यायालयाने 1904 सालीच बंद केली. कॉफीफाँटेन माइन्स या कंपनीने 20 टक्के सुटीने रोखे काढून ते केव्हाही पूर्ण दर्शनी मूल्याच्या शेअरमध्ये बदलून घेण्याची मुभा दिली होती. म्हणजे 80 पौंडांत 100 पौंडांचे शेअर मिळणार होते. अशी विक्री ही शेअरवरची छुपी सूटच ठरते, म्हणून ती चालणार नाही, असा निकाल लागला.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. तोटा म्हणजे फक्त विक्रीच्या वेळी दिलेली सूट, परतफेडीच्या वेळचे अधिमूल्य पाच वर्षांनी द्यायचे आहे तर त्याची नोंदही तेव्हाच करू, असा तो समज. 10 लाखांच्या कर्जाचे उदाहरण घेऊ. कंपनीने 100 रुपयांचे 10,000 रोखे 5 टक्के सुटीने विकले. परतफेड पाच वर्षांनी एकरकमी, 10 टक्के अधिमूल्याने आणि व्याज दरसाल 9 टक्के. विक्रीच्या दिवशीची नोंद अशी होते:

बँक खाते नावे 9,50,000
कर्जरोखे विक्रीवरील तोटा खाते नावे 1,50,000
कर्जरोखे खात्यास जमा 10,00,000
परतफेडीवरील अधिमूल्य खात्यास जमा 1,00,000

सूट 50,000 आणि अधिमूल्य 1,00,000 मिळून तोटा दीड लाखाचा होतो. अधिमूल्याची नोंद आजच करायची, कारण ते देण्याचे वचन आज दिले गेले आहे. रक्कम ठरलेली आहे, तारीखही ठरलेली आहे. ‘परतफेडीवरील अधिमूल्य’ हे खाते देण्याचे आहे आणि परतफेड होईपर्यंत ते ताळेबंदात तसेच 1,00,000 दाखवत राहिले पाहिजे.

हे खाते उघडायचेच राहून गेले तर काय होते? मग पाच वर्षांवर फक्त 50,000 ची सूट पसरते, म्हणजे दरवर्षी 10,000. खरा बोजा 30,000 चा असताना पहिली चार वर्षे नफा दरसाल 20,000 ने फुगलेला दिसतो. पाचव्या वर्षी मात्र सुटीचे 10,000 आणि अधिमूल्याचे 1,00,000 एकदम अंगावर येतात. ज्या वर्षी रोखीची सर्वाधिक गरज असते, त्याच वर्षीचा नफाही कोसळतो. भागधारकांना वाटते की धंदा याच वर्षी बिघडला. चूक पकडायची असेल तर अटींमध्ये अधिमूल्य लिहिलेले असूनही ताळेबंदाच्या देण्यांत ते दिसत नाही ना, एवढे पाहणे पुरते.

व्याजाची आकारणीही अनेकदा चुकते. हाती 9,50,000 आले म्हणून व्याज त्यावर धरले जाते. ते दर्शनी मूल्यावर, म्हणजे 10 लाखांवर द्यायचे असते. वर्षाला 90,000.

आता ‘तोटा’ या शब्दाविषयी. यात पैसे बुडालेले नाहीत आणि कंपनी अडचणीत आहे असेही नाही. बाजारात अशा कर्जाला साधारण 12 टक्के व्याज लागत असताना 9 टक्क्यांनी पैसे हवे असतील, तर उरलेली कसर कुठेतरी भरून द्यावीच लागते. कंपनीने ती काही विक्रीच्या दिवशी, काही परतफेडीच्या दिवशी भरून दिली. 9,50,000 घेऊन दरसाल 90,000 आणि शेवटी 11 लाख फेडणाऱ्या या कर्जाचा खरा दर 11.96 टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे दीड लाखाचा हा तोटा वेगळ्या नावाने दिलेले व्याजच आहे. पाच वर्षे वापरलेल्या पैशाचे व्याज पाचही वर्षांच्या नफ्यातून वजा झाले पाहिजे, म्हणून तो कर्जाच्या आयुष्यावर पसरून खर्ची टाकायचा.

पसरायचा म्हणजे दरवर्षी सारखाच, हे मात्र नेहमी खरे नाही. संपूर्ण कर्ज शेवटी एकरकमी फिटणार असेल तर पाचही वर्षे 30,000 ठीक आहेत, कारण दहाही लाख पाच वर्षे वापरात होते. पण दरवर्षअखेर 2 लाखांचे रोखे फेडायचे ठरले असेल, तर वापरातली रक्कम 10, 8, 6, 4 आणि 2 लाख अशी उतरत जाते. मग तोटाही 5:4:3:2:1 या प्रमाणात विभागायचा: 50,000, 40,000, 30,000, 20,000 आणि 10,000. इथेही सरसकट 30,000 लिहिले, तर शेवटच्या वर्षी 2 लाखांच्या कर्जावर तिप्पट बोजा पडतो.

इंड-एएस लागू असलेल्या मोठ्या कंपन्या आणखी पुढे जातात. त्या तोट्याचे वेगळे खाते ठेवत नाहीत. कर्ज 9,50,000 वरच दाखवून 11.96 टक्क्यांच्या खऱ्या दराने ते दरवर्षी वाढवतात. एकरकमी परतफेडीच्या आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी सुमारे 23,600 आणि पाचव्या वर्षी सुमारे 37,100 खर्ची पडतात. एकूण दीड लाखच. सीबीएसईच्या बारावीच्या विद्यार्थ्यांना मात्र आता हा तोटा रोखे विकले त्याच वर्षी, आधी प्रतिभूती अधिमूल्यातून आणि उरला तर नफा-तोटा पत्रकातून, खर्ची टाकायला शिकवतात. त्यामुळे जुने पुस्तक आणि नवी उत्तरपत्रिका जुळत नाहीत, तेव्हा गणित चुकलेले असतेच असे नाही.

राहिला आयकर. तोटा पहिल्याच वर्षी नोंदला, तर वजावटही पहिल्याच वर्षी पूर्ण मिळेल, असे धरून चालणाऱ्यांनी मद्रास इंडस्ट्रियल इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनचा खटला पाहावा. या कंपनीने डिसेंबर 1966 मध्ये दीड कोटींचे रोखे 2 टक्के सुटीने, बारा वर्षांच्या मुदतीवर काढले. सूट 3 लाखांची. तिने हिशोबात पहिल्या सहा महिन्यांचे 12,500 लिहिले, पण पुढे दावा पूर्ण 3 लाखांचा केला. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये सूट हा महसुली खर्च असल्याचे मान्य केले, मात्र तिचा लाभ बारा वर्षांचा असल्याने वजावटही बारा वर्षांवर पसरवली.

2015 मध्ये नाशिकच्या तपारिया टूल्सला याच न्यायालयाने वेगळे उत्तर दिले. तिथे 18 टक्के व्याज पाच वर्षे घ्या किंवा 100 रुपयांच्या रोख्यामागे 55 रुपये आत्ताच एकरकमी घ्या, असा पर्याय होता. ज्याने 55 रुपये घेतले, त्याचे व्याज खरोखर त्या वर्षीच दिले गेले. वह्यांत कंपनीने ते पाच वर्षांवर पसरले होते, तरी करासाठी पूर्ण वजावट मंजूर झाली. आपल्या उदाहरणातल्या कंपनीने व्याज असे आगाऊ दिलेले नाही. 50,000 तिला मिळालेच नाहीत आणि 1,00,000 अजून द्यायचे आहेत. त्यामुळे तिची स्थिती मद्रासच्या खटल्याच्या अधिक जवळची आहे.