हुद्दा एक, नावं दोन

कंपनीत तीस-चाळीस माणसं असतात तोवर कोण कधी आलं, कुणाचा पगार किती वाढला, हे सगळं एचआरच्या एका एक्सेल फाइलमध्ये आणि मालकाच्या डोक्यात मावतं. माणसं शंभराच्या घरात गेली की ते मावेनासं होतं आणि ईआरपी घ्यायचं ठरतं. मग भरती, रुजू होणं आणि अप्रेझल ही तीन कामं तीन वेगळ्या माणसांकडे वाटली जातात आणि प्रत्येक जण आपापले फॉर्म भरू लागतो. वास्तविक ही तिन्ही कामं आतून एका धाग्याने बांधलेली असतात. तो धागा म्हणजे हुद्दा. तो कुठे तुटतो हे बहुतेकांना वर्षअखेरीस, अप्रेझलच्या वेळी कळतं.

उदाहरणासाठी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर घेऊ. त्यांच्या ईआरपीनेक्स्टमधला एचआरचा भाग 2022 पासून फ्रॅपे एचआर या नावाने स्वतंत्र मिळतो. आणि समजा, भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारी नव्वद माणसांची एक कंपनी आहे. नवी ऑर्डर आल्यामुळे तिला चार क्वालिटी इन्स्पेक्टर हवे आहेत.

पहिली नोंद Staffing Plan मध्ये होते: हुद्दा क्वालिटी इन्स्पेक्टर, जागा चार, प्रत्येक जागेचा अंदाजे खर्च, मुदत अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. मालकाची मंजुरी या कागदावर असते. त्यावरून Job Opening निघतं, अर्ज येतात, मुलाखतींच्या फेऱ्या होतात आणि निवडलेल्याला Job Offer जातं. सेटिंगमध्ये एक खूण करून ठेवली की ऑफर तयार करताना सिस्टीम त्या हुद्द्याच्या मंजूर जागा आणि त्या मुदतीत दिलेल्या ऑफर मोजते. चार ऑफर गेल्या असतील तर पाचवी अडते. इथे एक मेख आहे. एखाद्या उमेदवाराने ऑफर नाकारली आणि आपण तिच्यावर नुसती ‘नाकारली’ अशी खूण केली, तर ती मोजणीत राहते. जागा मोकळी करायची तर ऑफर रद्द करावी लागते. हे ठाऊक नसलं की एचआरची माणसं ‘सिस्टीम अडवते’ म्हणून ती मोजणीच बंद करून टाकतात आणि मंजुरीच्या कागदाला काही अर्थ उरत नाही.

आता हुद्द्याकडे वळू. घाईत कुणीतरी हुद्द्याच्या रकान्यात ‘क्यूसी इन्स्पेक्टर’ असं टाइप करतं. यादीत ते नाव नसतं, पण नवीन हुद्दा बनवण्याचा पर्याय तिथेच दिसतो, आणि तो दाबला जातो. माणसाच्या दृष्टीने दोन्ही एकच, सिस्टीमच्या दृष्टीने दोन वेगळे हुद्दे. ‘क्यूसी इन्स्पेक्टर’साठी मंजूर जागाच नाहीत, तरी ऑफर कुणाच्या लक्षातही न येता पुढे सरकू शकते. त्या माणसाची कर्मचारी नोंद त्याच हुद्द्याने बनते. अप्रेझलचा साचाही हुद्द्याला जोडलेला असतो. त्यामुळे मार्चमध्ये यादी ओढली की जुन्या सहा इन्स्पेक्टरांसमोर साचा येतो आणि नव्यासमोर रिकामा रकाना. दोष अप्रेझलचा वाटतो, पण चूक झालेली असते आठ महिन्यांपूर्वी, ऑफरच्या दिवशी.

यावर उपाय सोपा आहे: नवीन हुद्दा बनवण्याचा अधिकार एका-दोघांपुरताच ठेवायचा, आणि दुहेरी नाव सापडलं की एकाचं नाव बदलून ते दुसऱ्यात विलीन करायचं. मग जुन्या नोंदीही आपोआप योग्य हुद्द्याखाली येतात.

ऑफर स्वीकारली की Employee Onboarding सुरू होतं. हुद्द्यानुसार ठरवून ठेवलेली कामं इथे येतात: बँक खातं आणि पॅन घेणं, पीएफचा यूएएन क्रमांक, सुरक्षा प्रशिक्षण, गणवेश, मागच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर. नोंद सबमिट केली की प्रत्येक काम त्या-त्या माणसाच्या नावावर पडतं. काही कामांपुढे Required for Employee Creation अशी खूण करता येते. ती कामं पूर्ण झाल्याशिवाय कर्मचाऱ्याची नोंद बनत नाही, आणि नोंद नाही म्हणजे हजेरी नाही, पगार नाही.

या खुणेपाशी मी सर्वांत जास्त थांबायला सांगेन. उत्साहात सगळ्याच कामांपुढे ती केली जाते. पण रिलीव्हिंग लेटर मागच्या कंपनीकडून यायला कित्येकदा महिना-दीड महिना लागतो. नवा इन्स्पेक्टर रोज शॉपफ्लोअरवर उभा राहून माल तपासतो आणि सिस्टीममध्ये तो अस्तित्वातच नसतो. पगाराची तारीख जवळ आली की कुणीतरी पत्र न येताच काम ‘पूर्ण’ करून टाकतं. त्यानंतर त्या खुणेवर कुणाचाच विश्वास राहत नाही. माझ्या मते, ज्याच्याशिवाय पगार देताच येत नाही किंवा माणसाला यंत्राजवळ उभं करणं धोक्याचं आहे, तेवढंच सक्तीचं ठेवावं: बँक, पॅन, सुरक्षा प्रशिक्षण. पत्राचं काम उघडं राहू द्यावं, त्याला तारीख द्यावी. उघडं दिसणारं काम खोट्या पूर्णतेपेक्षा कितीतरी बरं.

अप्रेझलमध्ये हुद्द्याच्या साच्यातून जबाबदारीची क्षेत्रं येतात आणि त्यांच्या भारांची बेरीज शंभर असावी लागते. आपल्या इन्स्पेक्टरसाठी वेळेत तपासणीला 40, ग्राहकांच्या तक्रारी कमी करण्याला 40 आणि नव्या माणसांना शिकवण्याला 20 धरू. वर्षअखेरीस या तिन्हींतली प्रगती 80, 50 आणि 100 टक्के झाली, तर भारानुसार 32, 20 आणि 20 मिळून 72 टक्के, म्हणजे पाचपैकी 3.6 गुण होतात. वरिष्ठ आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या अभिप्रायाची सरासरी 4.2 आहे. तिसरा आकडा त्याने स्वतःला दिलेले गुण.

वेगळं काही सांगितलं नाही तर सिस्टीम या तिन्हींची सरळ सरासरी काढते. त्याने स्वतःला 4.5 दिले, तर अंतिम गुण 4.1. तेवढंच काम आणि तेवढाच अभिप्राय असलेल्या, पण स्वभावाने संकोची असलेल्या सहकारी बाईंनी स्वतःला 3 दिले, तर त्यांचे 3.6. कंपनीने ‘चारच्या वर मोठी पगारवाढ’ असं ठरवलं असेल, तर त्यांची पगारवाढ केवळ संकोचापायी गेली. हा अन्याय कुणी जाणूनबुजून केलेला नसतो, म्हणूनच तो वर्षानुवर्षं चालू राहतो. अप्रेझल सायकल तयार करताना स्वतःचं सूत्र देता येतं:

```
goal_score * 0.6 + average_feedback_score * 0.3 + self_appraisal_score * 0.1
```

या सूत्राने पहिल्याचे 3.87 आणि बाईंचे 3.72 होतात. फरक उरतो, पण अर्ध्या गुणावरून 0.15 वर येतो. सूत्र सायकल सुरू होण्याआधी ठरवून सगळ्यांना सांगावं; गुण दिसल्यावर बदललं तर ते कुणाला तरी वर-खाली करण्यासाठीच बदललं, असं लोक म्हणणार, आणि त्यांचं चुकणार नाही.

एक मर्यादा मात्र सूत्राने सुटत नाही. नोव्हेंबरमध्ये रुजू झालेल्या माणसासमोर वर्षभराचं उद्दिष्ट ठेवलं तर मार्चपर्यंत त्याची प्रगती चाळीस टक्क्यांच्या आसपासच दिसणार. रुजू होण्याची तारीख कर्मचारी नोंदीत असते, पण सिस्टीम त्यावरून उद्दिष्ट आपोआप लहान करत नाही. पाच महिन्यांचं उद्दिष्ट वरिष्ठालाच लिहावं लागतं, आणि ते रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात लिहायचं काम Onboarding च्या यादीतच घालता येतं.